एकही चूक नाही

वाशीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत जागा निघाली, तेव्हा अस्मिताने कव्हर लेटर लिहायला घेतलं. कोपरखैरण्यातल्या श्यामसुंदर शेठच्या मेडिकलमध्ये ती सहा वर्षं फार्मासिस्ट होती. पत्रात तिने तीन गोष्टी ठासून मांडल्या. औषध देताना अचूकता, पेशंटला नीट समजावून सांगणं आणि कायद्याची जाण. शेवटी अभिमानाने लिहिलं, माझ्या नावावर औषध देण्यात एकही चूक झालेली नाही. आता फक्त शेठने कबूल केलेला अनुभवाचा दाखला हवा होता. त्याशिवाय असले अर्ज कोण उघडून बघतो?

दाखला मिळायच्या आदल्याच दिवशी चांगुणाबाई आल्या. गुडघे आणि मनगटं आखडलेल्या या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना तोंडाला लावायचं मलम हवं होतं.

"तोंड पार सोलून निघालंय, पोरी. पानी बी गिळवत नाय."

अस्मिताने चालू गोळ्या मागितल्या. पिशवीतून संधिवाताच्या गोळीची पट्टी निघाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची; रोज घेतली की तोंड सोलतं आणि जिवावर बेततं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही वार लिहिला होता. पण औषधाच्या पाकिटावर शेठच्या ठसठशीत अक्षरात होतं, 'रोज रात्री एक'. बाई इमानदारीने रोज घेत होत्या.

तिने गोळी तिथल्या तिथे थांबवली, डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी सांगितलं तसं बाईंच्या सुनेला बोलावून दोघींना रिक्षात बसवून जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पाठवलं. मग बिल पाहिलं. ती भावाच्या लग्नासाठी सुट्टीवर होती, त्या दिवसाचं ते बिल होतं. फार्मासिस्ट नसेल तर चिठ्ठीवरची औषधं विकायचीच नाहीत, हे शेठला काय ठाऊक नव्हतं? दुकानाचा परवानाच तिच्या नोंदणीवर उभा होता. पण त्याने काउंटर चालू ठेवला होता, आणि कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे बिलावर तिचं नाव छापलं होतं. ती लग्नात करवली म्हणून मिरवत होती तेव्हा तिच्या नावाने इथे हा जीवघेणा सल्ला दिला जात होता.

असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. तिने बिल आणि पाकीट शेठपुढे ठेवलं. त्याला मात्र त्याचं काहीच नव्हतं. सगळीकडे असंच चालतं, म्हाताऱ्यांचं तोंड येतंच, बोंब मारायची गरज नाही, असं तो हिशेब सांगावा तसा बोलत राहिला. मग ड्रॉवरमधून टाइप केलेला दाखला काढून त्याने टेबलावर ठेवला. स्तुती भरभरून होती, फक्त सही नव्हती.

"सही आत्ता करतो. तू त्या बाईचं कुठं बोलायचं नाय. आणि तुझं सर्टिफिकेट भिंतीवर राहू दे. तू खुशाल वाशीला जा, तुझ्या नावाचे पैसे महिन्याला पोचतील."

"आणि माझ्या नावावर अजून कोणाला काय खायला घालणार?"

"बिलावर नाव तुझंय, अस्मिता. फसलो तर आधी तू फसशील."

तिने स्टूल ओढलं, भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि ती काखेत मारून बाहेर पडली. त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला कळवलं की या दुकानातलं काम सोडलं आहे. त्या तारखेला आपण रजेवर होतो, तरी आपल्या नावाने औषध विकलं गेलं, हेही कळवलं. दाखला टेबलावरच राहिला. सहा वर्षं त्या एका सहीत अडकली होती आणि ती सही आता जन्मात मिळणार नव्हती.

घरी येऊन तिने पत्र उघडलं. 'एकही चूक झालेली नाही' ही ओळ वाचून तिला स्वतःचीच चीड आली. तिने ती खोडली. त्याजागी चांगुणाबाईंचं नाव न घेता सगळं लिहिलं. गोळी कोणती, पाकिटावर काय लिहिलं गेलं, बिलावर कोणाचं नाव होतं, आणि अनुभवाचा दाखला का जोडलेला नाही. पत्र पाठवून दिलं.

चांगुणाबाई वॉर्डातच होत्या, पण आता पेज घेऊ लागल्या होत्या, तेव्हा वाशीच्या हॉस्पिटलच्या फार्मसीप्रमुख विजयमालाबाईंचा फोन आला. आवाजात माया होती. पत्र उत्तम आहे, म्हणाल्या, पण तो चुकीबद्दलचा परिच्छेद काढून पुन्हा पाठवा. दाखल्याचं मी बघते. एचआरच्या लोकांना चूक दिसली की ते फाइल बाजूला टाकतात. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.

अस्मिताचं डोकं पुन्हा तापलं. ही बाई भल्याचं सांगत होती आणि सांगत होती ते शेठचंच.

"मॅडम, मी तो काढेनही. पण तुमच्याकडे उद्या कोणाला चुकीची गोळी गेली, तर ते तुम्हाला कोण सांगणार? काढून टाकणारेच ना?"

 जागा गेली, असं अस्मिता धरूनच चालली.

मग विजयमालाबाईंनी मुलाखतीची वेळ सांगितली, आणि म्हणाल्या, "पत्र आहे तसंच राहू द्या. एचआरपुढे ते मी वाचेन."