कासवाचे सत्तर टक्के

पाइपच्या तोंडाशी मांडलेल्या टेबलावर धाकटी बसली होती आणि समोरच्या पडद्यावर सत्तर टक्के दिसत होते. धाकटी म्हणजे रोबो चालवणारी. तिचा थोरला भाऊ याच टोळीत पाइपमध्ये उतरायचं काम करी, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. सहा चाकांच्या, बुटक्या, हट्टी रोबोला ते कासव म्हणत. शहराला पाणी नेणारा हा पाइप दोन दिवस रिकामा केला होता. आतले सांधे तपासायचे आणि संध्याकाळी पाच वाजता पाणी परत सोडायचं, असं ठरलेलं होतं.

"चिमणे, किती उरलंय गं?" दादाने विचारलं. कासवाला निरोप नेणारी बारीक तार तो रिळावरून हळूहळू सोडत होता. ती तार इतकी नाजूक, की तिने कासव ओढून काढायचा विचारही नको.

"सत्तर टक्के."

"मग आज मला सुट्टी." दादाने कमरेचा पट्टा सैल केला. कासव आत बंद पडलं तर ते आणायला दादाच जाई, पाठीवर हवेची टाकी घेऊन, रांगत. त्याच्या दोराची लांबी साठ मीटर. दोर असेल तोवर माणूस ओढून बाहेर काढता येतो, दोर संपला की माणूस त्याच्या नशिबाच्या हवाली. गेल्या वर्षी दुसऱ्या टोळीतला एकजण दोर सोडून पुढे गेला होता. तो परत आला नाही. दादा त्याच्या घरी जाऊन आला आणि आठवडाभर धड जेवला नाही.

कासव सहाशे मीटरवर होतं.

"अजून तीनशे मीटर जाऊ दे," साहेब मागून म्हणाले. "पुढचा सांधा बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

धाकटीने मान हलवली, पण बोट बटणावर ठेवलं नाही. टक्क्यांच्या खाली व्होल्टेजचा आकडा होता. त्याच्याकडे कुणी बघत नसे, बिचारा कोपऱ्यात पडलेला असे. तो चोवीस पूर्णांक तीन दाखवत होता. सत्तर टक्के चार्ज असताना, चालत्या कासवावर तो सव्वीसच्या आसपास असायला हवा होता.

"साहेब, व्होल्टेज फारच खाली आहे."

"आत गारठा आहे. थंडीत बॅटरी मान टाकतेच. तुला काय नवीन आहे का हे?"

नवीन नव्हतं. थंडीत बॅटरीचा आतला अडथळा वाढतो आणि मोटार ओढायला लागली की व्होल्टेज जास्त खचतं. पण बॅटरी खरंच रिकामी होत आली असली तरीही ते खालीच दिसतं. एकाच लक्षणाचे दोन आजार. पडद्यावरचे टक्के बघूनही काही उपयोग नव्हता, कारण ते बॅटरीत डोकावून काढलेले नसतात. किती करंट किती वेळ बाहेर गेला, त्याची बेरीज मशीन करतं आणि सुरुवातीच्या शंभरातून वजा करतं. सुरुवातीचे शंभरच खोटे असले, तर पुढची वजाबाकी कितीही चोख असून काय करायची?

"पाच मिनिटं थांबवते," ती म्हणाली आणि साहेबांच्या होकाराची वाट न बघता तिने मोटारी बंद केल्या, दिवेही घालवले. पडद्यावरचं आतलं चित्र काळं झालं, आकडे तेवढे उरले.

अडथळ्यामुळे खचलेलं व्होल्टेज ओझं काढताच उसळून वर येतं. गारठ्याचाच खेळ असता, तर आकडा सत्तावीसपर्यंत उडाला असता. तो उडाला पंचवीस पूर्णांक दोनवर, म्हणजे एक व्होल्टसुद्धा नाही. गारठा नसलेल्या वर्कशॉपमध्येही तेवढाच उडायचा. मग मुंगीच्या पावलांनी पंचवीस पूर्णांक चारवर गेला आणि तिथेच बसला.

विसावलेली बॅटरी तेवढ्यावर बसली, म्हणजे आत जेमतेम पाव भाग चार्ज उरलेला.

आणि मग तिला सकाळ आठवली. अंगणातल्या उतारावर तिने दीड तास कासव चढवून उतरवून बघितलं होतं. वापरलेली बॅटरी खोक्यात उलटी ठेवायची, ही त्यांची पद्धत. बॅटरी काढली तेवढ्यात आईचा फोन आला आणि फोन खांद्यात धरून तिने ती सुलटी ठेवली. नंतर तीच उचलली, बसवली आणि मीटर न लावता, शंभरापासून मोजणी सुरू करणारं 'पूर्ण' हे बटण दाबलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर धाकटीने त्याला फाडून खाल्लं असतं.

"साहेब, चूक माझी आहे. बॅटरी सकाळची वापरलेली आहे. पंचवीस टक्के आहेत, सत्तर नाहीत."

साहेबांचा चेहरा उतरला. "परत येईल?"

"येताना उतार आहे. दिवे लावणार नाही. आलं तर आलं."

"आणि नाही आलं तर? पाच वाजता पाणी सोडायचंय. कासव वाहत जाऊन झडपेत अडकलं तर शहर कोरडं पडेल."

दादाने सैल केलेला पट्टा पुन्हा घट्ट केला.

कासव अंधारात मागे सरकू लागलं. तिने वेग बेताचाच ठेवला, म्हणजे मोटारी कमी ओढतील आणि व्होल्टेज कमी खचेल. दादा तार गुंडाळत मीटर मोजत होता. पाचशे. चारशे. आकडा चोवीसच्या खाली गेला. साठ मीटरच्या आत, एवढंच तिला हवं होतं. देवाकडे मागायलाही तिची जीभ रेटेना, कारण गुन्हा तिचाच होता.

दोनशे मीटरवर आकडा धडाधड कोसळायला लागला. बॅटरीचं तसंच असतं, बराच वेळ सोसते आणि शेवटी एकदम हात टेकते. एकवीसला मशीन स्वतःच बंद होणार. बावीसवर तिने कासव थांबवलं, पाच मिनिटं विसावू दिलं, आकडा थोडा चढला, पुन्हा चालवलं. थांबवलं. चालवलं.

"नव्वद," दादा म्हणाला. "सत्तर." मग तो नुसती तार गुंडाळत राहिला.

"दादा, बोल ना!"

"अठ्ठेचाळीस."

आणि पडदा गोठला. व्होल्टेज एकवीस, कासव मेलेलं. त्याच्या वर शेवटचा आकडा ऐटीत उभा होता, एक्कावन्न टक्के.

दादा दोर बांधून आत गेला. दोर तिने कुणाला धरू दिला नाही. हातातून एकेक हात दोर सरकत होता आणि प्रत्येक हाताला तिला वाटत होतं, आता तो थांबेल. तो थांबला. आत अठ्ठेचाळीस मीटरवर तिचा भाऊ होता आणि बाहेर तिला फक्त दोराचं वजन कळत होतं. मग दोनदा झटका आला, ओढा म्हणून. ती आणि साहेब मिळून ओढू लागले.

दादा बाहेर आला तो चिखलाने माखलेला, कासवाला कवटाळून. त्याने टाकी उतरवली आणि खाली बसून बराच वेळ श्वास घेतला. एरवी असा बाहेर आला की तो हमखास चेष्टा करायचा. आज केली नाही.

"सहाशेवर बंद पडलं असतं ना, तर मी गेलो असतो गं," तो म्हणाला. "दोर सोडून. तू सांगितलेला आकडा मी कधी तपासला नाही."

धाकटीला रडू फुटलं. तिने ते आवरलं नाही.

"यापुढे तपासत जा, दादा," ती म्हणाली.

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. दादाने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, "हो."