तीस सेकंदांचा आशीर्वाद

रेबेकाला व्हिडिओ जमतात, हे आता राहुरीत कुणाला सांगायची गरज नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा तिनंच केला होता, आणि तेव्हापासून ती जमिनीपासून चार बोटं वरूनच चालायची. त्यामुळं नाताळच्या आदल्या दिवशी घरच्या ग्रुपसाठी शुभेच्छा करायचं काम आपसूक तिच्याकडं आलं. पाच फोटो, आणि त्यावर आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, आशीर्वाद.

"आबा, सगळ्यांची नावं घेऊन बोला."

"तू भाईर जा आधी. तुझ्यासमोर न्हाई जमत."

"मी काय तोंडी परीक्षा घेतीय?"

"जा म्हनलं ना!"

ती हसत बाहेर गेली. आत आली तर रेकॉर्डिंग सव्वा मिनिटाचं! एवढं कोण ऐकतंय? अ‍ॅपमध्ये तिनं आवाजाची पट्टी पाहिली. तिसाव्या सेकंदापर्यंत उंचसखल रेघा, मग लांबलचक सपाट, शेवटी थोडी खुडबुड. फोन बंद करायला आबा धडपडले असणार. पाच फोटोंना सहा-सहा सेकंद, हिशेब चोख! सपाट भागापासून पुढचं तिनं न ऐकताच उडवलं, मागं घंटांचं संगीत लावलं आणि पाठवून दिलं.

धडाधड बदाम आले. एंजेला आत्यानं लिहिलं, "पोरगी लई हुशार गं बाई!"

मग राहात्याच्या जॉयकाकांचा मेसेज आला. स्वतःच्या लग्नावरून आबांशी वाजल्यापासून सहा वर्षं त्यांनी ग्रुपवर अवाक्षर काढलं नव्हतं. "सगळ्यांची नावं ऐकली. माझं घ्यायचं नव्हतं तर मला ग्रुपात ठेवलंत कशाला?" त्याच्याखाली, जॉयकाकांनी ग्रुप सोडल्याची ओळ.

आबा किती हट्टी, असं रेबेकाला वाटलं. आबांवर रागच आला तिला. आबा ग्रुपात नव्हते, आणि तिनंही त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर आई ताटं मांडू लागली, तर आबा म्हणाले, "दोन जास्त मांड. जॉय यील, बायकोला घिऊन. मी बोलावलंय व्हिडिओत."

रेबेका फोन घेऊन उठली. मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये तसंच होतं. अंगणात जाऊन तिनं ते कानाला लावलं. नावं संपली. बराच वेळ नुसता श्वास. मग अगदी खालच्या आवाजात, "जॉय... पोरा, चुकलं माझं. उद्या जेवायला या दोघं."

तिनं काकांना फोन लावला. बंद. रेकॉर्डिंग पाठवलं, खाली लिहिलं, "आबा बोलले होते. मी कापलं." एकच खूण उमटली, म्हणजे काकांपर्यंत पोचलं नव्हतं.

मग आत येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं.

"आबा, परत बोलता? आत्ता पाठवते."

आबांनी नकारार्थी मान हलवली. "ते तोंडातून निघायला सहा वर्सं लागली गं."

आई ती दोन ताटं उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "आन तुमी जेवा."

कुणीच घास उचलला नाही. रेबेकानं मांडीवरचा फोन पुन्हा पाहिला. खूण अजून एकच होती.