साहेबाएवढंच डोकं

गोळीबारात गेलेल्या सखारामचा एकच फोटो होता, गिरणीच्या ग्रुप फोटोतला. पुढे खुर्चीत मॅनेजरसाहेब आणि सखाराम थेट मागच्या रांगेत बाकावर उभा, डोकं तुरीच्या दाण्याएवढं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेसाठी चाळीतल्या बाबुरावांना तो साहेबाच्या खुर्चीमागे उभा हवा होता. गिरगावातल्या फोटोग्राफर पेडणेकरांनी त्याचा तेवढाच भाग मोठा छापला, कापला आणि ग्रुप फोटोवर ठेवून दाखवला.

"अजून मोठा करा," बाबुराव म्हणाले. "हुतात्मा आहे तो. साहेबाच्या दुप्पट दिसू दे."

"मग माणूस नाही, गणपतीतला देखावा दिसेल," पेडणेकर वैतागले. "खुर्चीमागे आला की डोकं साहेबाएवढंच हवं, फार तर केसभर लहान. आणि जास्त मोठा केला तर चेहऱ्याचे नुसते ठिपके उरतील."

"ठिपक्यांवर रंग भरा."

सखारामची बायको बकुळा पुढे झाली. तिने ते कात्रण उचललं आणि साहेबाच्या तोंडाशेजारी धरलं. डोकी जुळली.

"एवढाच चिकटवा, आणि त्याचा पुन्हा फोटो काढा," ती म्हणाली. "दुप्पट केलात तर साहेब हसेल, बाबुराव. म्हणेल, खोटा आहे."

"हसू दे की, वहिनी."

"नाही हसू द्यायचं. जन्मभर माझ्या माणसाला मागं उभं केलं त्याने. आता बरोबरीचा दिसू दे. आणि सभा झाली की फोटो गिरणीच्या फाटकावर टांगा, उंच. साहेबाला रोज त्याच्याखालून आत जाऊ दे."