तर्री येईपर्यंत

आमच्या मिसळीच्या दुकानात उलथनं सासूबाईंच्या हातात आणि कांदे चिरायला मी, असं अकरा वर्षं चाललं. रश्शाला त्या मला हात लावू द्यायच्या नाहीत. मी मनातल्या मनात धुसफुसायचे आणि राग कांद्यावर काढायचे.

त्या दिवशी शेजारच्या शिंप्यानं, जो वाटी चाटूनपुसून लख्ख करतो, रस्सा तसाच ठेवला. नुसतं पाणी पिऊन गेला. मी बोट बुडवून चाखलं, तर कडू. सुकं खोबरं बदामी व्हायचं सोडून काळं पडलं होतं. त्यावर गूळ घाला नाहीतर लिंबू पिळा, जळका कडूपणा हटत नाही. खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं.

मी पातेलं मोरीत ओतलं. सासूबाई बघत राहिल्या, भांडल्या नाहीत.

"तापानंतर मला वासच येत नाही गं," त्या म्हणाल्या. "चवही नाही. पंधरा दिवस झाले. कुणाला सांगणार होते?"

एवढे दिवस त्या नुसत्या अंदाजानं रेटत होत्या. मी खोबऱ्याचे काप घेतले. मंद आचेवर बदामी केले, कांदा कडा तांबूस होईपर्यंत परतला, आलं-लसूण घालून पाट्यावर घ्यावं तसं मऊ वाटलं. सढळ तेलात, आच कमी करून, तिखट घातलं आणि त्यावर वाटण. रंग झकास आला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मी पाण्याचा तांब्या उचलला.

"थांब." त्या माझ्याकडे पाठ करून मटकी निवडत होत्या. "अजून तडतडतंय. वाटणात पाणी आहे. आत्ता ओतलंस तर तर्री वर यायची नाही, नुसता गढूळ रस्सा होईल. आणि हातातलं पाणी गार आहे ना? उकळतं घे."

मी परतत राहिले. तडतड हळूहळू विरली, बारीक सळसळ उरली आणि कडेनं लाल तेल सुटायला लागलं. मला वासावरून ते कधीच झालंसं वाटलं होतं. त्या नुसत्या कानानं सांगत होत्या. पहिल्यांदाच कळलं, अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून काहीच ऐकलं नव्हतं. मला लाज वाटली.

उकळतं पाणी ओतलं, पातळ रस्सा खदखदला, आच उतरवली तशी तर्री वर तरंगली. शिंप्याला बोलावून वाटी दिली. त्यानं दोनदा रस्सा मागून घेतला आणि सासूबाईंना म्हणाला, "आज जमलं बघा मावशी."

"सुनेनं केलाय," त्या म्हणाल्या आणि उलथनं धुऊन माझ्या बाजूच्या खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मटकीची परात घेऊन मागच्या खोलीत निघाल्या होत्या. मी शेगडी पेटवली नाही. आधी त्यांचं स्टूल पातेल्याच्या शेजारी आणून ठेवलं आणि त्या बसेपर्यंत उभी राहिले.