चेअरमनला नाव नाही

अनुपमाला पुस्तक लिहायला दोन वर्षं लागली, पण टोपणनाव ठरवताना तिला जो घाम फुटला तो पुस्तकानंही फोडला नव्हता.

पुस्तक विनोदी कथांचं. मधोमध गावच्या सोसायटीचा चेअरमन. सभेत डुलक्या काढायचा आणि जाग आली की समोर येईल तो ठराव मंजूर करून टाकायचा. आता अनुपमाचे सासरे आबा हेच निमोण्यापलीकडच्या तिच्या गावात सोसायटीचे चेअरमन. गाव त्यांना हसलं तर त्यांच्यापुढं चहाचा कप कोणत्या तोंडानं ठेवायचा, ही तिची खरी भीती. माणूस तिच्या फार मायेचा होता.

दौंडला रेल्वे कॉलनीमागे डायना घरातल्या पुढच्या खोलीत प्रकाशन चालवायची. तिनं सगळं नीट समजावलं. "करार तुमच्या खऱ्या नावानं होणार, मानधन तुमच्याच खात्यात. पण मुखपृष्ठावर, कॉपीराइटच्या ओळीत, जाहिरातीत फक्त टोपणनाव. खरं नाव मी कुणाला सांगणार नाही, अशी अटच करारात घालू. तुम्ही वेगळा ईमेल काढा. फोटो नाही, गाव नाही. बोला, नाव काय?"

"झुंबर कवठेकर."

"झुंबर कोण?"

"माझी आजी, झुंबरबाई. आन् माहेर कवठे येमाई."

"अहो, लग्नपत्रिका मिळालेला कुणीही ओळखेल!"

"मग इंद्रजीत...?"

"तो तुमचा नवरा ना? बाई, टोपणनाव हवंय की रेशनकार्ड?"

अनुपमाला हसू आवरेना. शेवटी घरादारात, माहेरी, शाळेत कुठंच नसलेलं 'सत्यजीत दिवटे' पसंत पडलं. या नावानं आधीच कुणी लिहीत नाही ना, हे डायनानं इंटरनेटवर आणि पुस्तकांच्या याद्यांत शोधून पाहिलं. निघताना तिनं विचारलं, "कोतवालाच्या म्हशीलाही नाव दिलंत, मग चेअरमनलाच का नाही?"

"सुचलंच नाही," अनुपमा म्हणाली. आणि ते खरं होतं.

पुस्तक आलं, आणि महिन्याभरात आबांनीच ते शिरूरच्या स्टँडवरून विकत आणलं. ओट्यावर बसून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अगं, ह्यो तर पलीकडच्या गावचा ज्ञानदेव चेअरमन! हुबेहूब!"

अनुपमाचा जीव भांड्यात पडला. पण आबांचा उत्साह तिथं थांबतोय कशाला!

"ह्या दिवट्याचा आपल्या गावात सत्कार करू. फ्लेक्स लावू चौकात. प्रकाशकाला मेल टाक. खाली माझं नाव, हौसराव, चेअरमन."

आबांची सगळी पत्रं अनुपमाच टाइप करायची. हेही केलं, खालचं नाव तेवढं आबांनी हौसेनं स्वतःच एका बोटानं टाइप केलं. डायनानं ते सत्यजीत दिवटेंकडे, म्हणजे अनुपमाकडेच, धाडलं. मग भाजीला फोडणी देता देता दिवटेंनी नव्या ईमेलवरून उत्तर दिलं: 'माननीय चेअरमनसाहेब, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे. मी लोकांत मिसळत नाही, क्षमा असावी.'

तिनं ते आबांना वाचून दाखवलं. आबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा लावून पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं, आणि या वेळी ते अजिबात हसले नाहीत. दोन दिवस हातात पेन्सिल घेऊन बसले होते. अनुपमाला घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते म्हणाले, "अनुपमा, मेल लिव. दिवटेसाहेब, सत्कार रद्द केलाय. झाकलेलं नाव झाकलेलंच बरं."

ती टाइप करू लागली.

"म्होरं लिव. तुमच्या पुस्तकात म्हशीला नाव हाय, चेअरमनला न्हाई. म्या खाली नाव घालून पत्र धाडलं, तरी तुमी चेअरमनसाहेबच लिवलंत. आमच्या चेअरमनचं नाव तोंडातून न काढणारी दोनच माणसं व्हती. एक त्याची बायको, ती गेली. दुसरी त्याची सून."

अनुपमाची बोटं थांबली. लग्नाला बारा वर्षं झाली, सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही सवय बोटांतही मुरली होती, हे तिला आत्ता कळलं. डोळे भरून आले. "आबा, रागावलात?"

"कुणावर? त्या दिवट्यावर? त्याला म्या कधी बघितला तरी हाय का?" आबा मिश्कील हसले. "तो सभेतला डुलकीचा किस्सा मातर झ्याक जमलाय. शेवटचं लिव. दुसऱ्या आवृत्तीत चेअरमनला नाव द्या, न्हाईतर आमच्यावानी आणखी कुनी वळखंल."

डोळे पुसत अनुपमानं विचारलं, "कुठलं देऊ... म्हंजी, कुठलं द्यावं त्यांनी?"

आबांनी क्षणभरही विचार केला नाही.

"ज्ञानदेव."