आश्लेषाची मधली सुट्टी

देवाशप्पथ, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं! ज्याला पटत नाही त्यानं आत्ताच उठून जावं.

बंगळूरच्या बेळ्ळंदूरमधल्या नोकरीचा आश्लेषानं राजीनामा दिला तेव्हा तिची झोप कधीच उडालेली होती. आंघोळ करतानाही कानात ऑफिसच्या मेसेजची टिंग वाजायची. जुनी सुटल्यावर नवी नोकरी तीन आठवड्यांनी लागणार. तेवढ्यात डोकं ताळ्यावर आलं नाही तर नव्या जागी आपण कोसळणार, हे तिला पक्कं कळत होतं.

पण घरात मोकळी सून म्हणजे रिकामी रिक्षा. जो तो हात दाखवणार!

"व्हिएतनाम!" नवरा, मकरंद म्हणाला. "एवढी सुट्टी परत कधी?"

"पैसे कुठले? जुन्या ऑफिसचा हिशेब दीड महिन्यानं मिळणार."

"मग तुळजापूर," सासूबाई महानंदा म्हणाल्या. "देवीला भेटल्याशिवाय आपल्यात नवी नोकरी धरत नाहीत. चुलत्यांनाही घेऊ."

"आई, आधी तुमचा मोतीबिंदू. ऑफिसातल्या माझ्या शेवटच्या दिवशी विमा संपतो. नवा लागणार तिकडे रुजू झाल्यावर. मधे ऑपरेशन केलं तर सगळं खिशातून."

नोटिशीचे दिवस संपायच्या आत ऑपरेशन उरकलं. धूळ, गर्दी बंद, म्हणून तुळजापूर लांबणीवर पडलं. आता डोळ्यात थेंब कोण घालणार? मकरंदनं बायकोकडे बघितलं.

"आई तुझी," ती म्हणाली.

तिनं सकलेशपूर धरलं. बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनवरून गाडी, सासूबाईंचा डोळा लाल झालाच तर संध्याकाळपर्यंत परत. कॉफीच्या मळ्यात एक खोली, जेवणासकट, आठवडाभर. एकटी.

दोन दिवस छताकडे बघण्यात गेले. तिसऱ्या दिवशी जरा डोळा लागतोय तोच नव्या ऑफिसातून, नेमणुका बघणाऱ्या चंदनाचा फोन. "मॅडम, येत्या सोमवारीच जॉइन व्हाल? क्लायंट थांबत नाही. नाहीतर टीम दुसरं कोणी बघेल."

आश्लेषा तासाभरात कळवते म्हणाली आणि मकरंदला फोन लावला.

"हो म्हण! हातची गेली तर? घराचा हप्ता आहे. विमाही लवकर लागेल."

खरंच होतं त्याचं. हो म्हटलं की सगळ्यांचं भलं, तिचं सोडून. पायरीवर बसून तिनं चंदनाचा नंबर लावला आणि तेवढ्यात फणसावरून हे एवढं माकड उतरलं! फोन हिसकावला, कानाला लावला आणि असं गुरगुरलं म्हणता, की चंदना घाबरून म्हणाली, "सरी मॅडम, सरी, बरं! ठरलेल्या तारखेलाच या."

आश्लेषा जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आल्यावर उठली.

बरं, असं बघू नका. माकड नव्हतं. फोन तिच्याच हातात होता. "नाही, ठरलेल्या तारखेलाच येईन," असं तीच म्हणाली. पण चंदना "सरी" म्हणाली, ते मात्र खरं.