तोंडी तक्रार

शेवंतीला सकाळची पाळी लागली तेव्हा अर्ध्या वॉर्डाने तिचं अभिनंदन केलं. आठला यायचं, दोनला सुटायचं, संध्याकाळ मोकळी. लोक असल्या पाळीसाठी देव पाण्यात घालून बसतात. शेवंतीने मात्र नोटीसबोर्डासमोर उभ्या उभ्या कपाळाला हात लावला.

तिची सासू कमळाबाई घरात एकटी ठेवण्यासारखी राहिली नव्हती. दोनदा गॅस उघडा ठेवून जिना उतरून गेली होती. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आजवर दुपारच्या पाळीवर सगळं बसलं होतं. मुलगी आकांक्षा सकाळी कॉलेजला जायची, एकच्या सुमाराला परत यायची, आणि मग शेवंती दोनच्या ड्युटीला निघायची. लालबागच्या चाळीतून परळचं खासगी हॉस्पिटल, जिथे शेवंती आया होती, चालत जेमतेम पंधरा मिनिटं. आता शेवंती सकाळी बाहेर म्हटल्यावर म्हातारीजवळ कोण बसणार? आकांक्षाच. आणि तिची अकरावी, सायन्सची, नुकतीच सुरू झालेली.

पाळी बदलायचं कारणही साधं होतं. दुपारचं आयांचं काम हॉस्पिटलने कंत्राटदाराला देऊन टाकलं होतं. कायम माणसं सगळी सकाळी.

कायम माणसाला तक्रार करायचा हक्क असतो, आणि हॉस्पिटलची नियमावली त्या बाबतीत अगदी देखणी होती. जिन्याजवळ काचेत लावली होती. पहिली पायरी, सुपरवायझर. लेखी सांगा किंवा तोंडी सांगा. त्याने पाळीच्या रजिस्टरात नोंद करायची आणि तीन दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही तर दुसरी पायरी, मेट्रन, सात दिवस. त्यानंतर तक्रार निवारण समिती, निम्मी माणसं मालकांची, निम्मी कामगारांची, तीस दिवस. तिथेही समाधान झालं नाही तर साठ दिवसांच्या आत युनियनमार्फत सरकारी समेट अधिकाऱ्याकडे. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, घटना घडल्यापासून वर्षाच्या आत तक्रार आली पाहिजे.

शेवंतीची पहिली पायरी तिच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. सुपरवायझर राधाबाई, वेंगुर्ल्याकडची, चाळीत सगळ्यांची राधाकाकी. आकांक्षाला पहिली आंघोळ घातली ती हिनेच. शेवंतीने त्याच रात्री गॅलरीत तिला गाठलं.

"काकी, माझी दुपारची पाळी परत करून द्या. पोरीचं कॉलेज बुडतंय. लिहून देऊ का अर्ज?"

"कागद कित्याक गो? मी आसंय ना. मेट्रनच्या कानावर घालतंय. कागद दिलास तर तुझ्याच नावाचो बोभाटो होतलो."

झालं. शेवंतीला ते पटलं, कारण पटायलाच हवं होतं. जिच्या घरून आपल्याकडे माशाचं कालवण येतं, तिला काय सही करून अर्ज द्यायचा आणि वर पोच मागायची? चाळीत पोच फक्त परक्याकडून मागतात.

राधाकाकीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. दोनदा तिने मेट्रनकडे विषय काढलाही, "बघू" असं उत्तर मिळालं, आणि तिने तेच "बघू" शेवंतीला आणून दिलं. रजिस्टरात मात्र काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर उत्तरही द्यावं लागलं असतं. गणपती झाले, दिवाळी झाली, शेवंती विचारत राहिली, काकी "होतला गो" म्हणत राहिली. आकांक्षाने घरात बसून, मैत्रिणींच्या वह्या उतरवून अकरावी कशीबशी काढली. बारावीला तसं चालणार नव्हतं. जुलैच्या शेवटी कॉलेजने आईला बोलावून स्पष्ट सांगितलं की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही.

तेव्हा कुठे शेवंतीने अर्ज लिहिला. लिहून दिला अभयने. तो एक्स-रे विभागातला टेक्निशियन, समितीवर कामगारांच्या बाजूने निवडून आलेला. तारीख बघून त्याचा चेहराच उतरला.

"ताई, पाळी बदलून वर्ष होऊन आठ दिवस झाले की हो!"

"पण मी पहिल्याच दिवशी काकींना सांगितलंय."

"मग वाचलो. तोंडी सांगितलेलं पहिल्या पायरीला चालतं. काकी समितीसमोर एवढंच बोलल्या की झालं."

मेट्रनने अर्ज वर ढकलला आणि समिती पाचव्या मजल्यावर बसली. चार हे, चार ते, आणि यंदा अध्यक्षपद मालकांकडे. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शेवंतीला पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि मग राधाबाईंकडे वळून हळू आवाजात विचारलं, "यांनी तुम्हाला गेल्या वर्षी तक्रार सांगितली होती का? सांगितली असेल तर रजिस्टरात नोंद का नाही? तीन दिवसांत उत्तर का नाही? तसं असेल तर तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

राधाकाकी निवृत्त झालेली होती. वर्षावर्षाची मुदतवाढ घेऊन खुर्चीवर बसली होती, आणि ती मुदतवाढ पुढच्याच महिन्यात संपत होती. मुलगा घरी बसून, सून प्रिती रात्री कॉल सेंटरला जाऊन सकाळभर झोपणारी. घर काकीच्या पगारावर. तिने शेवंतीकडे बघितलं नाही.

"माका काय आठवत नाय, साहेब."

शेवंतीला राग नाही आला. राग परवडतो त्यांनाच येतो. तिला एवढंच वाटलं, की आता या बाईला उद्या जिन्यावर "काकी" म्हणून हाक कशी मारायची?

अभय भांडला, खूप भांडला. पण कामगारांच्या चारांपैकी तिघं म्हणाले, पुरावा नाही तर काय करणार? मालकांचे चौघे आधीच एका बाजूला होते, त्यात त्या तिघांच्या सह्या पडल्या आणि निर्णय पक्का झाला. मुदतबाह्य. तक्रार खरी की खोटी, यावर एक शब्दही नाही. तो विषयच निघाला नाही.

"अजून साठ दिवस आहेत," अभय जिन्यात म्हणाला. "युनियनकडून समेट अधिकाऱ्याकडे टाकू."

"तो पाळी बदलून देईल?"

अभय बिचारा खोटं बोलणारा नव्हता. "तो दोघांना बोलावतो, समजावतो. ऐकायचं की नाही ते हॉस्पिटलच्या हातात. नाही ऐकलं तर पुढे ट्रायब्युनल. आणि तिथेही विचारतील, काकींना सांगितलं होतं का. ताई, काकी खोटं बोलल्या हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल."

"आणि परीक्षेचा फॉर्म?"

फॉर्मची तारीख नियमावलीच्या कुठल्याच पायरीत बसत नव्हती.

चार दिवस राधाकाकीचं दार बंद होतं. पाचव्या दिवशी, शेवंती ड्युटीवरून येऊन भाकऱ्या थापत असताना, ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"शेवंते, माझ्या तोंडाक आग लागो. पण ऐक. पोरीचा वरीस तर गेलाच ना? शाळेत उशिरा घातलेली, अठरा पूर्ण झाली ती. कंत्राटदार माझ्या ओळखीचो. उद्यापासून लावतंय तिका. दोनला जाऊची, आठला येऊची. तू येईसर मधलो अर्धो तास आमची प्रिती म्हातारीकडे बसात."

शेवंतीचा हात परातीतच राहिला. म्हणजे दुपारची पाळी. वर्षभर चार पायऱ्या बघितल्या, आणि जी तिला कुणी दिली नाही, ती पोरीला शिफारशीवर एका दिवसात मिळत होती. तिला ओरडून काकीला हाकलावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आपण ओरडणार नाही हेही कळलं.

आकांक्षा आजीला चहा पाजत होती. तिने ओठ पुसून दिले, कप खाली ठेवला.

"आई, बरंच होईल की. सकाळी मी आजीजवळ, दुपारी तू." मग राधाकाकीला म्हणाली, "काकी, युनिफॉर्म तिथेच देतात की आपण शिवायचा?"